घरभाडे पावत्यांचा तक्ता: आधी एवढंच सांभाळा

घरभाडे भत्त्यावरच्या करसुटीसाठी कार्यालयात द्यायचा हा तक्ता पहिल्यांदाच करताय, तर जुनी करप्रणाली निवडली आहे ना ते आधी बघा. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट मिळतच नाही.

तक्त्याच्या डोक्यावर घरमालकाचं नाव, पत्ता, पॅन आणि भाड्याच्या घराचा पत्ता लिहा. खाली रकाने पाचच: महिना, भाडं, दिल्याची तारीख, कसं दिलं, पावती क्रमांक.

समजा टिळकवाडीतल्या खोलीचं भाडं एप्रिल ते सप्टेंबर ९,००० आणि ऑक्टोबरपासून ९,५०० झालं. वर्षाचे झाले १,११,०००. नवखे लोक बाराही ओळींत ९,००० लिहून टाकतात, मग बँकेच्या नोंदीशी मेळ बसत नाही. शिवाय बेरीज लाखाच्या वर गेली, म्हणजे मालकाचा पॅन लागणारच. तो मार्चमध्ये नको, आत्ताच मागून घ्या. ऐनवेळी मालक टाळाटाळ करतात.

- डिपॉझिट आणि लाईट बिल भाड्यात धरू नका.
- तारीख खरी लिहा: भाडं ५ तारखेला दिलं तर ५च, सगळीकडे १ नको.
- रोख ५,०००च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर मालकाची सही घ्या.

सूट किती बसते ते कार्यालय काढतं. तो हिशेब नंतर शिका.