कापराची डबी आरतीत नको

गणपती प्राणप्रतिष्ठेचा माझा बारा मिनिटांचा व्हिडिओ आहे. पूजासाहित्याचे दुकानदार पैसे देतायत, पण कापराची डबी आरतीतच दिसावी म्हणतात. काय करू?

आरतीला नाही म्हणा, साहित्याच्या यादीची जागा द्या. आचमनापासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत बघणारा तुमच्याबरोबर पूजा करत असतो. मोबाईल पाटाशेजारी टेकवलेला, हात ओले. जाहिरात आली तरी ती पुढे ढकलायची सोय नाही. यादीच्या वेळी मात्र तो कागद-पेन घेऊन बसलेला असतो आणि 'कुठे मिळेल?' हा त्याचाच प्रश्न असतो. तिथे चाळीसेक सेकंद द्या, डबी वेगळ्या टेबलावर दाखवा, मग पाट मांडा.

यादी मात्र फुगवू नका. विक्रेत्याच्या 'किट'मध्ये गोमती चक्र असेल, पण गणपतीच्या पूजेला ते लागत नाही, हे सांगून टाका. कापसाची वस्त्रं घरी होतात, हेही सांगा. दुकानदार कुरकुरेल, करार करतानाच हे बोलून घ्या. आणि हो, यूट्यूब आपणहून मध्ये टाकतं त्या जाहिरातीही हाताने यादीपाशी सरकवा, नाहीतर 'सुखकर्ता'च्या मध्येच साबण यायचा!

पैसे नाहीत, फक्त साहित्य फुकट आलंय. खाली वर्णनात 'सौजन्य' लिहिलं तर चालेल ना?

नाही. फुकट वस्तूही मोबदलाच. शिवाय 'सौजन्य' वाचून मंडळाच्या फलकावरचा देणगीदार आठवतो, जाहिरात नव्हे. मराठी व्हिडिओत मराठीतच 'जाहिरात' लिहा. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत वस्तूबद्दल बोलत असाल तेवढा सगळा वेळ ती पाटी दिसायला हवी. मिनिटभराच्या रीलमध्ये वीस सेकंद. यूट्यूबवर 'पेड प्रमोशन'ची खूणही करा, पण ती सूचना सुरुवातीलाच काही सेकंद दिसते, म्हणून स्वतःची पाटी हवीच. तोंडानेही म्हणा: 'हे साहित्य दुकानाने मोफत पाठवलंय.' एवढ्याने पूजेचं पावित्र्य कमी होत नाही. नंतर कुणी कमेंटमध्ये उघड केलं, तर मात्र तुमचा मंत्रही विकाऊ वाटू लागतो.

'शुद्ध भीमसेनी कापूर, नकारात्मक ऊर्जा आणि रोगजंतू घालवतो' हे वाक्य म्हणायचा आग्रह आहे. म्हणू का?

'रोगजंतू' काढाच, तो आरोग्याचा दावा आहे, पुरावा लागतो. 'ऊर्जा' तुमच्या तोंडी श्रद्धा म्हणून शोभते, पैसे घेऊन बोललात की हमी होते. 'भीमसेनी'साठी प्रयोगशाळेचा अहवाल मागा. जाळून राख उरली नाही म्हणजे भीमसेनी, असं सांगतात. पण कारखान्यातला साधा कापूरही राख न ठेवता जळतो. वडी जळल्यावर ताम्हणात मेणचट थर उरला, तर भेसळीची शंका घ्या, इतकंच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे. आपण खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर सुटका होते, म्हणून तो अहवाल जपून ठेवा. अहवाल नाहीच मिळाला, तर 'पूजेसाठी कापूर, शंभर ग्रॅमची डबी' एवढंच म्हणा.