मे महिन्यात टेनिस खेळताना टोपी आणि टी-शर्ट

नागपूरच्या मे महिन्यात हार्ड कोर्टवर दोन-दोन तास खेळणार असशील, तर आधी टोपीकडे लक्ष दे. बहुतेक जण वरचा रंग बघून टोपी घेतात. तू ती उलटी करून बघ. कपाळापुढे येणाऱ्या झापेची आतली बाजू पांढरी असेल तर कोर्टवरून परावर्तित होणारा उजेड तिथे आपटून थेट डोळ्यांत येतो आणि तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. आतून काळी किंवा गडद निळी झाप घे, वरून पांढरी चालेल.

हवा खेळते का, हे दुकानातच कळतं. कापड ओठांना लावून फुंकर मार, पलीकडे हाताला वारा लागला पाहिजे. नुसती झाप असलेला व्हायजर सर्वांत हवेशीर, पण त्यात टाळू उघडी राहते. सकाळी आठच्या आत ठीक, भर उन्हात नको.

सर्व्हिससाठी चेंडू वर टाकताना मात्र झाप आड येते. ती किंचित वर सरकव. सूर्य समोर असेल तर चेंडू थोडा बाजूला टाक.

टी-शर्ट सुती नको, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. सुती कापड घाम धरून ठेवतं, अंगाला चिकटतं, मग आत हवा जातच नाही. शिवाय ओल्या पांढऱ्या सुती कापडातून ऊन जास्त आत येतं. फिक्या रंगाचा, सैलसर, पॉलिस्टरचा घे. दुसरा कोरडा टी-शर्ट किटमध्ये ठेव आणि पहिला सेट संपला की बदल.