मुदत 24 जूनला संपते

«मालवणला राहते. दशावतारातल्या पात्रांचा अ‍ॅनिमेशन पॅक 799 रुपयांना विकते. पानावर ‘व्यावसायिक वापरास परवानगी’ एवढंच लिहिलं होतं. पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाने रंग बदलून तोच पॅक एका भारतीय साइटवर विकायला ठेवला. माझी नोटीस साइटला 3 जूनला मिळाली, दुसऱ्या दिवशी पॅक उतरवला. कॉपीराइट नोंदणीचा अर्ज केलाय, पानावरच्या अटीही बदलल्यात. प्रमाणपत्र आल्यावर दावा लावू ना?»

नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या चित्रकारांची गाडी इथेच अडते. कॉपीराइट नियम 2013 मधला नियम 75 तुम्ही वाचलेला दिसत नाही, पण त्याखालच्या नोटिशीत हमी द्यावी लागते की 21 दिवसांत दावा लावून कोर्टाचा हुकूम आणून देईन. हे दिवस साइटला नोटीस मिळाल्यापासून मोजतात, म्हणजे 24 जूनपर्यंत. हुकूम पोचला नाही तर साइट पॅक पुन्हा चढवू शकते, आणि त्याच जागी त्याच चोरीबद्दल तुमची दुसरी नोटीस आली तर तिची दखल घ्यायला ती बांधील नसते. नोंदणीच्या अर्जावर हरकतींसाठीच 30 दिवस थांबतात. दाव्याला नोंदणीचं प्रमाणपत्र लागत नाही. चित्र काढलंत तेव्हाच हक्क तुमचा झाला.

पुण्याला धावायचीही गरज नाही. कलम 62 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा चालतो, म्हणजे ओरोसला. दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज द्या आणि तो आधी ऐकावा म्हणून वकिलांना आग्रह धरायला सांगा. आपल्याकडे तारीख पडली की पंधरवडा सहज जातो, म्हणून याच आठवड्यात दाखल करा.

समोरचा म्हणेल, दशावतारातला संकासुर कुणाच्या बापाचा नाही. बरोबरच आहे. तुमचं आहे ते तुम्ही काढलेलं रूप, म्हणून पुरावा बारीक हवा. त्यांचा पॅक विकत घेऊन उघडा. डाव्या हाताच्या लेयरला तुम्ही घाईत dava_haat_copy2 असं नाव दिलं असेल आणि तेच तिथेही सापडलं, तर रंग बदलल्याची सबब टिकणं कठीण. दोन्ही फाइली, बिल आणि पानाचे स्क्रीनशॉट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासह द्या.

अटी आता बदलून या गिऱ्हाइकाला त्या लागू होणार नाहीत. त्याने घेतलं त्या दिवशी पानावर जे होतं तेच धरलं जाईल. ‘व्यावसायिक वापर’ म्हणजे जाहिरात बनवणं, मूळ फाइली विकणं नव्हे, असं आपण म्हणू. न्यायाधीश मानतील असं मला वाटतं, खात्री देत नाही. एक ओळ जास्त लिहिली असती तर हा वादच नव्हता. नव्या अटींत ‘मूळ फाइल पुन्हा विकता येणार नाही’ हे लिहाच, मुदत आणि प्रदेशही लिहा. त्याबद्दल गप्प राहिलात तर कायदा परवाना पाच वर्षांचा आणि फक्त भारतापुरता धरतो.

जुन्या पानाचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे आहे का? नसेल तर एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाने घेतला होता का, ते आजच विचारा.