कप्पीवरच्या दोरीचा ताण: उत्तर तपासावे कसे?

प्रश्न: मी इंदूरला अकरावीत आहे. हलक्या, घर्षणरहित कप्पीवरून गेलेल्या दोरीला m₁ आणि m₂ वस्तुमाने टांगली, तर ताण T = m₁m₂g/(m₁+m₂) आला. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही. एकक न्यूटनच येते, m₁ व m₂ यांची अदलाबदल केली तरी ताण बदलत नाही, आणि m₂ शून्य केल्यास ताणही शून्य होतो. म्हणजे तीन कसोट्यांवर तुमचे सूत्र टिकते. परंतु दोन्ही वस्तुमाने m इतकी समान धरली, तर काहीच हलत नसल्याने ताण mg हवा, आणि तुमच्याकडे mg/2 येतो. गहाळ झालेला 2 हा गुणक एककांना कधीच दिसत नाही. इंदूरच्या माझ्या शिकवणीतही बहुतेक मुले एकक जुळताच वही मिटतात. आता 2m₁m₂g/(m₁+m₂) मध्ये m₁ प्रचंड धरून पाहा: ताण 2m₂g होतो, कारण हलके वस्तुमान g त्वरणाने वर खेचले जाते.