चौकट बसवताना तिरकं माप, ओळंबा आणि लेव्हल

प्रश्न: दाराची चौकट मी स्वतः बसवणार आहे. दोन्ही तिरकी मापं सारखी आली म्हणजे चौकट काटकोनात आहे असं समजायचं का? मग लेव्हल आणि ओळंबा कशाला?

नाही. तिरकी मापं घेण्याआधी एक गोष्ट बघावी लागते. मी सांगलीत सुतारकाम करतो, आणि शिकाऊ पोरं इथंच फसतात. वर अरुंद आणि खाली रुंद झालेल्या चौकटीचीही दोन्ही तिरकी मापं सारखीच येतात. म्हणून चौकट जमिनीवर आडवी असतानाच दोन्ही उभ्या बाजू सारख्या आहेत का आणि वरची रुंदी खालच्याइतकी आहे का, ते आधी मोजा. मगच तिरकं माप घ्या. टेपचं टोक थोडं हलतं, त्यामुळे मी शून्याऐवजी १० सें.मी.च्या रेघेपासून मोजतो आणि दोन्ही वेळा तेवढेच वजा करतो.

मध्यंतरी विश्रामबागेत एक ९०० बाय २१०० मि.मी.ची चौकट होती. तिचं तिरकं माप २२८५ यायला हवं. एक आलं २२९१, दुसरं २२७८. घरमालक म्हणाले, "अहो, तेरा मिलिमीटरनं काय होतंय?" पण तेवढ्यात वरची आडवी एका बाजूला सुमारे १६ मि.मी. सरकलेली असते आणि दार कोपऱ्यात घासतं. जास्त माप आलेले दोन कोपरे एकमेकांकडे दाबले, दोन्ही मापं जुळली की कोपऱ्यावर तिरपी पट्टी आणि खाली आडवी पट्टी ठोकली. बांधकाम वाळेपर्यंत त्या काढायच्या नाहीत.

आता चौकट उभी करा. काटकोनातली चौकट अख्खी कलंडलेली असू शकते, ते तिरक्या मापात दिसत नाही. लेव्हल वरच्या आडवीवर ठेवा, बुडबुडा बघा, मग लेव्हल तिथंच टोकांची अदलाबदल करून ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा लेव्हलच्या एकाच टोकाकडे सरकला तर दोष लेव्हलचा. दोन्ही वेळा घराच्या एकाच बाजूला गेला तर आडवी वाकडी.

ओळंबा उभीच्या दोन बाजूंना लावायचा, समोरून आणि जाडीकडून. ओळंब्याच्या दोरीवरचा ठोकळा, म्हणजे गट्टू, वर लाकडाला टेकवला की खाली वजन लाकडाला जेमतेम लागलं पाहिजे. मध्ये फट दिसली तर उभीचं खालचं टोक मागं आहे. वजन लाकडावर दबून दोरी वाकली तर ते पुढं आलंय. वाऱ्यानं दोरी हलत असेल तर थांबा, घाई करू नका.

शेवटी पीळ. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणा. मध्ये त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. फट राहिली किंवा एक दुसरीला दाबत असली तर एक उभी पुढंमागं झालीय. चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, त्यांच्याभोवती काँक्रीट भरल्यावर ओळंबा पुन्हा लावा, ठोकाठोकीत चौकट हमखास हलते.