विरार फास्टमध्ये उभ्यानं ऐकायची गाणी

प्रश्न: रोज संध्याकाळी चर्चगेटहून विरार फास्टनं घरी येते, बहुतेक वेळा उभ्यानंच. डोकं पार बधिर झालेलं असतं. मूड सुधारावा म्हणून मस्त आनंदी गाणी लावून पाहिली, पण उलट चिडचिडच होते. कोणती गाणी ऐकू?

उत्तर:

ती आनंदी गाणी टाकून देऊ नका, फक्त ती लावायची वेळ बदला. मी 19 वर्षं चर्चगेट ते वसई करते आहे आणि हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ‘सैराट’ आला त्या वर्षी मी गाडी सुटता सुटता ‘झिंगाट’ लावायचे आणि मरीन लाइन्स मागे पडायच्या आत बंद करायचे. ढोल डोक्यात कोणी खिळे ठोकावेत तसा वाजायचा. एकदा चुकून तेच गाणं मीरा रोडला लागलं आणि उभ्या उभ्या पायांनी आपोआप ठेका धरला. गाणं तेच, फोन तोच, दिवसही तसाच दमवणारा. मधे फक्त तासभर गेला होता.

दमलेल्या मनाला एकदम ओढून वर काढता येत नाही, आधी थोडा वेळ त्याच्याच चालीनं चालावं लागतं. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात. आयरा आल्टशुलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं 1940च्या दशकात ते मांडलं. रुग्ण ज्या मनःस्थितीत आहे तिला जुळणारं संगीत आधी ऐकवायचं आणि मग हळूहळू लय आणि रंग बदलत न्यायचा. आपला विरार फास्टचा प्रवास त्यासाठी अगदी सोयीचा आहे, कारण गर्दीही टप्प्याटप्प्यानं बदलते.

पहिला टप्पा दादरपर्यंत. इथे रडकी गाणी नकोत आणि नाचरीही नकोत. जरा रेंगाळत चालणारं, पण आतून खेळतं असं गाणं हवं. माझं ठरलेलं गाणं ‘है अपना दिल तो आवारा’. ‘सोलवाँ साल’ हा 1958चा सिनेमा, संगीत सचिनदेव बर्मन यांचं, आवाज हेमंतकुमारांचा. देव आनंद हे गाणं लोकलच्या डब्यातच म्हणतो. पण मी ते त्यासाठी निवडलेलं नाही, निवडलं ते त्यातल्या माउथ ऑर्गनसाठी. तो राहुलदेव बर्मन यांनी वाजवला आहे.

माउथ ऑर्गनच का, तेही सांगते. लोकलच्या डब्यात सतत एक जाड घरघर असते: चाकांची, पंख्यांची, आणि तुमचा डबा मोटरचा असेल तर खालच्या मोटरचीही. ही घरघर खालच्या पट्टीची असते आणि गाण्यातले खालच्या पट्टीचेच आवाज ती गिळून टाकते. म्हणजे ज्या गाण्याची सगळी मजा ढोल, बेस आणि तबल्याच्या डग्ग्यात आहे ते गाणं डब्यात अर्धंच ऐकू येतं. मग आपण आवाज वाढवतो, पण वाढतात ते आधीच ऐकू येणारे कर्कश आवाज, आणि तिथेच डोकं उठतं. तुमची चिडचिड बरीचशी यातूनही येत असेल. माउथ ऑर्गन, बासरी, व्हायोलिन, शिट्टी हे आवाज त्या घरघरीच्या वरून निघून जातात, त्यांच्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही. हेमंतकुमारांचा आवाज खर्जाकडचा आहे खरा, पण ते शब्द घाईनं टाकत नाहीत, प्रत्येक शब्द मोकळा सोडतात. त्यामुळे गर्दीतही तो कळतो.

आवाजाचं माप मी एकाच खुणेवर ठेवलं आहे. घरी पोचल्यावर कानात सूं वाजत असेल किंवा घरच्यांचं बोलणं दबल्यासारखं वाटत असेल, तर त्या दिवशी आवाज जास्त झाला. दुसऱ्या दिवशी तो कमी करायचाच.

एक कान मोकळा ठेवणं मात्र सोडू नका. आपल्या डब्यात कोण कुठे उतरणार, कोण मागून ढकलतंय, पुढचं स्टेशन कुठलं, हे कानानंच कळतं. पण जुन्या गाण्यांत त्यामुळे एक घोटाळा होतो. काही स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत एक वाद्य फक्त डाव्या बाजूला आणि दुसरं फक्त उजव्या बाजूला असतं. एकच इयरबड घातला तर अर्धं गाणं गायबच होतं, आणि ओळखीचं गाणं असं पोकळ का वाटतंय ते उमगत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये Accessibility मध्ये Mono audio असं एक बटण असतं, ते चालू केलं की दोन्ही बाजू एकाच कानात येतात. वायरचा हेडफोन असेल तर वायर कुर्त्याच्या आतून घ्या. माझी एकदा अंधेरीला उतरणाऱ्या एका मुलीच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकली. ती गर्दीबरोबर बाहेर ओढली गेली आणि तिच्यामागून माझा फोनही. फोन पायदानापाशी सापडला, हेडफोन मात्र तिच्याबरोबर गेला.

दादर ते बोरिवली हा सगळ्यात वाईट पट्टा. हात वर हँडलला, पर्स पोटाशी, फोनपर्यंत पोचायची सोय नाही. म्हणून गाण्यांचा क्रम चर्चगेटलाच लावून ठेवायचा आणि गाणी डाउनलोड केलेली असू द्यायची. इथे एकच नियम: नवीन गाणं नको. जे तोंडपाठ आहे तेच. गोंगाटात गाण्याचे तुकडे सतत हरवतात. पाठ असलेल्या गाण्यात ते तुकडे आपलं मनच भरून काढतं. अनोळखी गाण्यात तेच तुकडे शोधत मन आणखी दमतं. याच कारणानं मी या पट्ट्यात भावगीतंही लावत नाही. मला ती जिवापाड आवडतात, पण नाजूक हरकती आणि अर्थाचे पदर तिथे कोणाच्या तरी कोपराखाली चिरडले जातात. ती रविवारी घरी ऐकते.

माझ्या यादीत इथे ‘उठे सबके कदम’ आहे, राजेश रोशन यांचं. 1979च्या ‘बातों बातों में’ या सिनेमातलं, आणि त्या सिनेमातली गोष्टच लोकलनं रोज ये-जा करणाऱ्यांची आहे. त्यानंतर जयवंत कुलकर्णींचं ‘ही चाल तुरुतुरु’. दोन्ही गाणी शिट्टीवर घेता येतील इतकी सोपी आहेत, आणि ओठ न हलवता मनातल्या मनात म्हणता येतात. असं म्हणत राहिलं की श्वास आपोआप लांब होतो. गर्दीत आपण नकळत श्वास आखडून उभ्या असतो. तो सुटला की खांदेही खाली येतात, हे एकदा लक्ष देऊन बघा.

बोरिवलीला गाडी हलकी होते आणि आमच्या डब्यात बऱ्याचदा फोनची गरजच उरत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एक काकू आहेत, दादरहून चढतात. मांडीवर पिशवी पसरून मटार सोलतात. गाणं सुरू कोण करतं ते कधी कळत नाही, पण काकू डब्याच्या स्टीलच्या झाकणावर दोन बोटांनी ठेका धरतात. नखानं एक, बोटाच्या पेरानं एक. ठेका लागला की शेंग फोडायची गतीही तीच होते. एका बाजूच्या बायका ‘गोमू संगतीनं’ मधल्या हेमंतकुमारांच्या ओळी म्हणतात, समोरच्या बाकावरच्या आशाताईंच्या. ‘हा खेळ सावल्यांचा’ हा 1976चा सिनेमा, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. ज्यांना सूर लागत नाही त्याही म्हणतात, कारण हे प्रश्नोत्तराचं गाणं आहे, आपली पाळी येईपर्यंत दम खाता येतो. तुमच्या डब्यात असा ग्रुप असेल तर जवळ जाऊन उभ्या राहा, आपोआप सामील व्हाल. फक्त शेजारी कोणी झोपलेली असेल किंवा फोनवर महत्त्वाचं बोलत असेल तर आवाज खाली घ्यायचा, आमच्यात हे न सांगता पाळलं जातं.

आणि मग भाईंदर. भाईंदर सुटलं की वसईची खाडी लागते, मधे पाणजू बेट, पुन्हा पूल, मग नायगाव. समुद्राकडचा वारा त्या दोन पुलांवर थेट डब्यात येतो. दिवसभर एसीत बसलेल्या अंगाला तो वारा लागला की अर्ध काम झालेलं असतं. इथे मी ‘मी डोलकर’ लावते. शब्द शांता शेळक्यांचे, संगीत पुन्हा हृदयनाथांचं, आवाज लतादीदींचा आणि हेमंतकुमारांचा. चर्चगेटला ज्या आवाजानं हळूच हात धरला, तोच इथे होडीवर उभा असतो.

बऱ्याच जणींना वाटतं डोलकर म्हणजे डोलणारा. डोल हे मासेमारीचं जाळं आहे, लांब पिशवीसारखं. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवतात आणि पाणीच मासळी आत आणून सोडतं. आपल्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर बोंबील प्रामुख्यानं त्यातच मिळतात. असं जाळं लावणारा तो डोलकर. तुम्ही ज्या विरारला उतरता तिथूनच अर्नाळ्याला रस्ता जातो, तिथल्या कोळीवाड्यात ही जाळी बघायला मिळतील. हे कळल्यापासून मला गाणं वेगळं ऐकू येतं. प्रवाहात जाळं सोडून उभा राहिलेला माणूस आणि खाडीवर हँडल धरून उभी असलेली मी, यांच्यात मला फार अंतर वाटत नाही. त्या गाण्याला वल्ह्याचा झोका आहे, आणि पुलावर गाडी संथ झाली तर डबाही तसाच झुलतो. ‘झिंगाट’ लावायचं तर या नंतर लावा, आता ते अजिबात टोचणार नाही.

नायगाव आलं की मी फोन पर्समध्ये टाकते, कारण वसईला उतरायचं तर दाराकडे आधीच सरकावं लागतं. तुमच्याकडे त्यापुढे नालासोपारा आणि विरार अशी आणखी दोन स्टेशनं आहेत. नालासोपाऱ्याला डबा बराच रिकामा होतो, बहुतेक खिडकी मिळेल. तेवढ्यासाठी ‘वादळवारं सुटलं गो’ यादीत शेवटी ठेवा, आणि ते दोन्ही कानांनी ऐका.