तुर्कीतले -दी आणि -मिश: कुठला कधी वापरायचा?

प्रश्न: तुर्की शिकतोय. पुस्तकात म्हटलंय की डोळ्यांनी पाहिलं तर -दी आणि ऐकलं असेल तर -मिश. पण इतिहासाच्या धड्यात सगळीकडे -दी दिसतो, आणि लोक चक्क स्वतःबद्दलही -मिश वापरतात. नेमका नियम काय?

उत्तर:

'पाहिलं की ऐकलं' हा नियम पहिल्या आठवड्यापुरता ठीक आहे. मी तो असा सांगेन: -मिश म्हणजे 'घटना घडताना मला तिची जाण नव्हती, नंतर कळली'. -दी म्हणजे मात्र 'मी पाहिलं' असं नव्हे. तो नुसतं 'हे घडलं' असं ठामपणे सांगतो. तुमचे दोन्ही गोंधळ इथेच सुटतात.

उदाहरणासाठी 'गेल्' हा धातू घेऊ. मराठी कानाला उलटं वाटेल, पण याचा अर्थ 'येणे' आहे. अली आत येताना तुम्ही पाहिलात, तर 'अली गेल्दी'. आता तुम्ही घरी पोहोचलात आणि दाराशी त्याचे बूट दिसले. तो आतल्या खोलीत आहे, दिसलेला नाही. तुम्ही म्हणणार 'अली गेल्मिश', म्हणजे 'अली आलेला दिसतोय'. त्याच्या बहिणीने फोनवर सांगितलं असेल तरीही 'अली गेल्मिश', पण आता अर्थ 'अली आला म्हणे'. तो परगावी आहे असं समजून तुम्ही दार उघडलंत आणि समोर तोच उभा, तरी 'आ, अली गेल्मिश!' म्हणजे 'अरे, अली आलाय की!'

या तिसऱ्या प्रसंगात अली डोळ्यांसमोर आहे, तरी -मिश चालतो, कारण त्याचं येणं तुम्ही पाहिलं नाही, त्याचा परिणाम तेवढा पाहिला. फ्रिज उघडून 'स्यूत बितमिश' (दूध संपलंय) म्हणतात ते यामुळेच. शेवटचा घोट स्वतः प्यायलेला माणूस 'स्यूत बित्ती' म्हणेल. (कठोर व्यंजनानंतर -दीचा -ती होतो. स्वरमेळाप्रमाणे -मिशचीही -मश, -मुश, -म्यूश अशी रूपं होतात. जीभ मागे ओढून म्हणायचा बिनटिंबाचा स्वर मी इथे 'अ'ने दाखवतोय.)

मराठीत 'म्हणे', 'दिसतंय' आणि 'की' अशी तीन वेगळी साधनं आहेत. तुर्कीत तिन्ही कामं एकच प्रत्यय करतो. म्हणून 'अली गेल्मिश' एवढ्यावरून ते ऐकीव आहे की अंदाज, हे ऐकणाऱ्याला प्रसंगावरूनच ठरवावं लागतं. स्पष्टच करायचं असेल तर 'आन्नेम सोयलेदी' (आईने सांगितलं) असं वेगळं जोडतात. यातल्या 'सोयलेदी'ला -दी आहे हे पाहा: आईचं सांगणं तर तुम्ही स्वतः ऐकलंय.

आता इतिहास. मेहमेदने 1453 मध्ये इस्तंबूल जिंकलं हे सांगायला धड्यात -दी असतो, कारण ती सर्वमान्य गोष्ट आहे, तिच्यासाठी कुणाच्या सांगण्याचा आधार दाखवावा लागत नाही. स्वतःच्या जन्माचं सालही लोक -दीनेच सांगतात, जन्म कुणाला आठवत नसला तरी! उलट 1453 बद्दल निबंधात साधा -मिश लिहिलात तर मजकुराला गोष्टीचा सूर लागतो. लोककथांची सुरुवात 'बिर वारमश, बिर योकमुश' (एक होता, एक नव्हता) अशीच होते. गंमत म्हणजे अकराव्या शतकात महमूद काशगरीने आपल्या तुर्की कोशात हा भेद नोंदवला होता: 'बार्दी' म्हणजे समोर गेला, 'बार्मश' म्हणजे आपल्या माघारी गेला. शालेय पुस्तकं अजून त्याच व्याख्येवर चालतात, पण -दीला ती आजच्या वापरात अपुरी पडते.

प्रथमपुरुषाचं कोडंही याच सूत्राने सुटतं. संस्कृत शिकलेल्यांना 'परोक्षे लिट्' आठवेल. परोक्ष भूतकाळ स्वतःबद्दल कसा वापरायचा, हा प्रश्न तिथेही आला, आणि वैयाकरणांनी झोपेतल्या किंवा नशेतल्या कृतीसाठी तो मान्य केला. तुर्कीत सगळ्यात सहज ऐकू येणारं उदाहरण झोपेचंच आहे: 'उयुमुशुम', म्हणजे 'झोप लागली वाटतं मला'. 'उयुदुम' म्हणजे सरळ 'झोपलो'. तसंच 'उनुत्मुशुम' हे 'विसरलोच की' असं आत्ता ध्यानात आल्याचं रूप आहे. त्यात हेतू नव्हता हे आपोआप येतं, म्हणून चूक कबूल करताना ते 'उनुत्तुम'पेक्षा मऊ लागतं. कुणी खोटा आळ घेतला तर हेच रूप चिडून वापरतात: 'जामी बेन कर्मशम!' म्हणजे 'काच म्हणे मी फोडली!'

शिकणाऱ्यांची चूक दोन्ही बाजूंनी होते. काल सिनेमाला गेलो हे सांगताना 'गित्तिम'ऐवजी 'गित्मिशिम' म्हणालात, तर काल तुम्ही शुद्धीवर नव्हतात की काय असं वाटतं. उलट, मित्राने सांगितलेलं भांडण -दीने सांगत सुटलात, तर 'तू होतास का तिथे?' असा प्रश्न येऊ शकतो. ऐकीव हकिगत सांगताना पहिल्या वाक्याला -मिश लावून पुढे -दीवर घसरणं, हा यातला नेहमीचा प्रकार. मराठीत एकदा 'म्हणे' म्हटलं की पुढची चार वाक्यं त्याच्या आधारावर चालतात. तुर्कीत प्रत्येक क्रियापदाला -मिश पुन्हा लावावा लागतो. मध्येच -दी आला की तेवढ्या भागाची हमी तुम्ही स्वतः देताय असं ऐकू येतं.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा पुढे आहे. 'अली हास्ता' म्हणजे अली आजारी आहे. 'अली हास्तायमश' म्हणजे 'अली आजारी आहे म्हणे'. 'होता' असंच हवं असं नाही! धातूला थेट लागलेला -मिश भूतकाळ दाखवतो. पण नामाला, विशेषणाला किंवा आधीच काळ लागलेल्या क्रियापदाला लागला, तर तो फक्त परोक्षपणा दाखवतो. म्हणून 'गेलियोरमुश' म्हणजे 'येतोय म्हणे' आणि 'गेलेजेकमिश' म्हणजे 'येणार आहे म्हणे'. मात्र 'येत होता म्हणे' किंवा 'आजारी होता म्हणे' यालाही हीच रूपं लागतात, आणि कोणता काळ घ्यायचा ते 'आता', 'काल' अशा शब्दांवरून कळतं. उच्चारही वेगळा आहे. 'गेल्मिश'मध्ये आघात 'मिश'वर पडतो, 'हास्तायमश'मध्ये तो त्याच्या आधीच्या 'ताय'वर.

आणि प्रत्येक -मिश परोक्ष नसतो. 'पिश्मिश एत' म्हणजे नुसतं 'शिजलेलं मांस'. 'गेल्मिश्ती' म्हणजे 'आला होता', यात ऐकीवपणा नाही. औपचारिक लेखनातला -मिश्तिर तर जवळजवळ उलट, ठाम विधानाचा असतो. वाचताना -मिश दिसला की त्याच्या पुढे आणखी काही चिकटलंय का हे आधी पाहा. -ती किंवा -तिर असेल तर 'म्हणे' लावू नका. दुसरा -मिश असेल, जसा 'गेल्मिशमिश', तर बोलणारा ऐकीव सांगतोय आणि बहुधा त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास नाही.